कॅडचा कोर्स केला की नोकरी लागते का? आईबापांचे प्रश्न, सरळ उत्तरं



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या बचत गटांच्या बैठकीत कर्जाची मागणी बदलते. एरवी शेळी, खत, दवाखाना, घरावरचा पत्रा अशी कारणं असतात. जून-जुलैमध्ये मात्र एकीपाठोपाठ एक ताई सांगते, "पोरीच्या कोर्ससाठी पाहिजेत." अलीकडे त्यात कॅडच्या कोर्सचं नाव सारखं येतं. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर बोर्ड लागलेला असतो, पत्रक घरी येतं, आणि त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, "१०० टक्के नोकरी".

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका गटाने अशा कोर्ससाठी ३०,००० रुपये कर्ज दिलं. मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. चार महिन्यांत पाच सॉफ्टवेअर शिकवली आणि प्रमाणपत्र दिलं. नोकरीही दिली, पण ती त्याच क्लासच्या कार्यालयात बसून नव्या मुलामुलींच्या घरी फोन करायची. पगार सात हजार. नकाशाची एक रेघही तिला तिथे मारायला मिळाली नाही. दोन महिन्यांत ती घरी आली, आणि हप्ते तिच्या आईने रोजंदारीतून फेडले. कर्ज मंजूर करताना आम्ही समन्वयक तिथेच बसलो होतो. एकीनेही नीट प्रश्न विचारला नाही. ती चूक आमचीही.

म्हणून गेल्या वर्षी दुसऱ्या एका ताईंनी याच कोर्ससाठी कर्ज मागितलं, तेव्हा आम्ही आधी चौकशीला निघालो. तालुक्यातल्या इंजिनिअरांच्या दोन कार्यालयांत बसलो, आयटीआयच्या सरांना भेटलो, आणि पुण्याला चाकणला व कोल्हापूरला शिरोलीला काम करणाऱ्या आपल्याच भागातल्या मुलींशी फोनवर बोललो. बैठकीत बायांनी जे प्रश्न विचारले आणि आम्हाला जी उत्तरं मिळाली, ती आज सांगतो.

कॅड म्हणजे नेमकं काय?

घर बांधायचं तर आधी नकाशा लागतो. कारखान्यात एखादा लोखंडी भाग बनवायचा तर त्याचंही आधी चित्र काढावं लागतं, त्यावर मापं लिहावी लागतात. पूर्वी हे काम मोठ्या टेबलावर कागद पसरून, पट्टी आणि पेन्सिल घेऊन व्हायचं. आता ते संगणकावर होतं. ज्या सॉफ्टवेअरवर होतं त्यांना मिळून कॅड म्हणतात. त्यातलं आपल्याकडे सगळ्यांत जास्त ऐकू येणारं नाव ऑटोकॅड.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कॅड हे हत्यार आहे, शिलाई मशीनसारखं. मशीन चालवायला आठ दिवसांत येतं. पण मशीन चालवता आलं म्हणजे ब्लाउज शिवता आला असं होत नाही. माप घ्यावं लागतं, कापड बेतावं लागतं, बाही कुठे किती सोडायची ते कळावं लागतं. गिऱ्हाईक पैसे देतं ते बेतण्याच्या अकलेचे. कॅडचंही तसंच आहे. रेघ मारायला कोर्समध्ये शिकवतात. पण ती रेघ कशाची आहे, भिंत किती जाडीची असते, जिन्याची पायरी किती उंच ठेवायची, हे ज्याला कळतं त्याला नोकरी मिळते.

मग नोकरी लागते की नाही? एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही, कारण मुलगी आधी काय शिकली आहे यावर ते ठरतं. आम्ही तिचे तीन गट केले.

पहिल्या गटातल्या मुलींनी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा ट्रेड केलेला असतो, किंवा स्थापत्य वा यांत्रिकीचा डिप्लोमा, नाहीतर इंजिनिअरिंग. आयटीआयच्या माहितीपत्रकात या ट्रेडला आरेखक स्थापत्य आणि आरेखक यांत्रिकी असं म्हटलेलं असतं. या मुलींना बेतायला आधीच शिकवलेलं असतं, त्यांना मशीनवर हात बसवायचा असतो. त्यांच्यासाठी कॅडच्या कोर्सचा उपयोग होतो आणि नोकरीही मिळते. मात्र सुरुवात छोट्या कार्यालयातून होते.

दुसऱ्या गटात दहावी किंवा बारावी झालेल्या आणि गणित-विज्ञान बरं असलेल्या मुली. त्यांनी नुसता चार महिन्यांचा कोर्स केला तर एखाद्या छोट्या कार्यालयात कमी पगारावर शिकत काम मिळू शकतं, पण पुढची वाट अडते. त्यांना आम्ही आधी आयटीआयचा ड्राफ्ट्समन ट्रेड सांगतो. तो दोन वर्षांचा आहे, दहावीनंतर प्रवेश मिळतो आणि सरकारी आयटीआयची फी खासगी कोर्सपेक्षा बरीच कमी असते. शिवाय त्या अभ्यासक्रमातच कॅड शिकवलं जातं.

तिसऱ्या गटात बीए, बीकॉम करणाऱ्या मुली. त्यांना फक्त कॅडच्या प्रमाणपत्रावर नकाशाचं काम मिळणं अवघड आहे. आम्ही ज्या दोन कार्यालयांत गेलो, तिथल्या दोघांनीही हेच सांगितलं. मुलीला बुद्धी नसते असं कोणी म्हणालं नाही. म्हणणं एवढंच, की बीम कुठला आणि लिंटेल कुठला हे शिकवत बसायला कार्यालयात कोणाला वेळ नसतो. आमच्या त्या पहिल्या मुलीचं नेमकं हेच झालं होतं.

पत्रकावर '१०० टक्के प्लेसमेंट' छापलेलं असतं. ते खोटं असतं का?

छापलेले शब्द नीट वाचावे लागतात. बऱ्याच ठिकाणी खाली बारीक अक्षरात 'प्लेसमेंट सहाय्य' असं असतं. त्याचा अर्थ क्लास तुमच्या मुलीला मुलाखतीचे पत्ते देईल. निवडणं न निवडणं कंपनीच्या हातात. आणि 'नोकरी' म्हटलं तर कसली नोकरी, ते कुठे लिहिलेलं नसतं. फोन करायची नोकरीही नोकरीच धरली जाते, हे आम्ही पैसे घालवून शिकलो.

म्हणून क्लासला जाल तेव्हा असं विचारा: "मागच्या बॅचमधल्या, माझ्या मुलीइतकंच शिकलेल्या दोन मुलींशी माझं बोलणं करून द्या." इंजिनिअर झालेल्या मुलाचा फोटो दाखवतील, तो चालणार नाही. तो कोर्स केला नसता तरी त्याला काम मिळालं असतं. त्या दोन मुलींना पगार विचारू नका, दिवसभर काय काम करतात ते विचारा. "नकाशे काढते" असं उत्तर आलं तर ठीक. क्लासने बोलणं करून द्यायला टाळाटाळ केली, तर त्यातच उत्तर आलं.

दुसरी गोष्ट, फी एकदम भरू नका. हप्ते मागा आणि पावतीवर कोर्सचं नाव, किती तास, किती सॉफ्टवेअर हे लिहून घ्या. "आजच भरलं तर पाच हजार सूट" असं कोणी म्हणालं तर त्या दिवशी भरायचं नाही, घरी येऊन विचार करायचा.

एका कोर्समध्ये पाच सॉफ्टवेअर शिकवतात. जास्त शिकलेलं बरं नाही का?

आम्हालाही आधी तसंच वाटायचं. पण घर बांधणाऱ्याचं सॉफ्टवेअर वेगळं आणि यंत्राचा भाग बनवणाऱ्याचं वेगळं. बांधकामात ऑटोकॅड लागतं, मोठ्या शहरांतल्या कार्यालयांत त्याच्या जोडीला रेविट लागतं. कारखान्यात ऑटोकॅडबरोबर सॉलिडवर्क्स, क्रिओ, कॅटिया, एनएक्स अशी नावं येतात. कुठल्या कारखान्यात कुठलं, ते त्या कारखान्यावर असतं. चार महिन्यांत ही सगळी शिकवली की प्रत्येकाला दोन-तीन आठवडे मिळतात आणि हात कशावरच बसत नाही.

म्हणून आधी ठरवा की मुलगी कुठल्या कामाला जाणार आहे. ती बांधकामाच्या बाजूची असेल तर एकटं ऑटोकॅड नीट शिकू द्या. यांत्रिकीची असेल तर ऑटोकॅड आणि वरच्यांपैकी एक. कुठलं एक, ते क्लासला विचारण्यापेक्षा ज्या भागात नोकरी करायची तिथल्या चार जाहिराती बघून ठरवा.

बांधकामाच्या मुलीसाठी आणखी एक प्रश्न क्लासला जरूर विचारा: "बांधकाम परवानगीचा नकाशा काढायला शिकवता का?" आपल्या राज्यात २०२० साली बांधकामाची एकत्रित नियमावली आली. अनेक ठिकाणी आता परवानगीसाठी नकाशाची फाइल ऑनलाइन द्यावी लागते. त्या फाइलीत प्लॉटची हद्द, भिंती, दारं-खिडक्या हे सगळं वेगवेगळ्या, ठरवून दिलेल्या लेयरवर असावं लागतं. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. भिंत चुकून दुसऱ्या कागदावर गेली की फाइल परत येते. तालुक्याच्या कार्यालयांत रोजचं काम हेच आहे. दोन्ही इंजिनिअर म्हणाले, हे येणारी मुलगी असेल तर आम्ही उद्या घेतो.

मुलगी शिकली की नाही, हे अडाणी आईने ओळखायचं कसं?

हा प्रश्न एका आजींनी विचारला आणि बैठकीत सगळ्याच गप्प झाल्या. मग इंजिनिअरांनी नोकरीच्या आधी घेतलेली परीक्षा कशी असते ते आम्ही विचारून आलो आणि तीच घरी करून बघायची पद्धत बसवली. त्याला टेप आणि शाळेतली फूटपट्टी एवढंच लागतं.

मुलीला सांगा, आपल्याच घरातली एक खोली मोजून तिचा नकाशा काढ. समजा खोली आतून १० फूट रुंद आणि १२ फूट लांब आहे, भिंत ९ इंचांची आहे. मुलगी आतली मापं घेईल. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजेल. दार-खिडकी कोपऱ्यापासून किती लांब आहे तेही लिहून घेईल. हुशार मुलगी टेप तिरकी लावून समोरासमोरचे कोपरेही मोजते. खोली काटकोनात असेल तर दोन्ही तिरकी मापं सारखी, साधारण १५ फूट ७ इंच येतात. ती वेगळी आली तर खोली तिरपी आहे. आपल्या जुन्या घरांत तसं पुष्कळदा असतं.

मग तिला नकाशा काढून १:१०० च्या प्रमाणात छापून आणायला सांगा. १:१०० म्हणजे जागेवरचा एक मीटर कागदावर एक सेंटिमीटर. आता तुम्ही तीन गोष्टी बघा.

पहिली, बाहेरचं माप विचारा. आतून १० बाय १२, आणि दोन्ही बाजूंना ९-९ इंचांची भिंत, म्हणजे बाहेरून साडेअकरा फूट बाय साडेतेरा फूट आलं पाहिजे. बाहेरूनही १० बाय १२ लिहिलं असेल तर भिंत आत घुसली आणि खोली लहान झाली. प्रत्यक्षात असं झालं की पाया चुकतो.

दुसरी, छापलेल्या कागदावर फूटपट्टी लावा. आतली १० फुटांची बाजू तीन सेंटिमीटरहून जराशी जास्त भरली पाहिजे आणि १२ फुटांची बाजू ३.७ सेंटिमीटरच्या जवळ. पट्टीवर पाच-सहा सेंटिमीटर भरली तर मुलीने छापताना `Fit to paper` ही खूण तशीच ठेवली आहे. त्यामुळे नकाशा कागद भरेल एवढा फुगतो आणि प्रमाण बिघडतं. दिसायला छान दिसतो, पण गवंड्याने त्यावर पट्टी लावली तर सगळं चुकतं. नव्या मुलांची सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच, असं दोन्ही इंजिनिअर म्हणाले.

तिसरी, तिला म्हणा, "ही खिडकी एक फूट डावीकडे घे." दहा मिनिटांत झालं पाहिजे आणि खिडकीजवळचा मापाचा आकडा आपोआप बदलला पाहिजे. खिडकी हलली पण आकडा जुनाच राहिला, तर तिने माप सॉफ्टवेअरकडून न घेता हाताने टाइप केलं आहे. अशा नकाशात पुढे कुठलाच आकडा भरवशाचा राहत नाही.

या तीनही गोष्टी जमल्या तर मुलगी मुलाखतीला जायला तयार आहे. कोर्स संपत आला तरी जमत नसतील, तर प्रमाणपत्र हातात असलं तरी नोकरीच्या परीक्षेत ती अडकेल. कारण तिथेही असंच असतं. हाताने काढलेलं कच्चं चित्र देतात, तासाभराचा वेळ देतात आणि शेजारी उभे राहून बघतात. प्रमाणपत्र नंतर कोणी विचारलं तर विचारतात.

घरी कॉम्प्युटर नाही. मग सराव कसा?

मोबाइलवर नकाशा बघता येतो, पण नीट काढायला संगणकच लागतो. लॅपटॉप घ्यायचाच असेल तर त्यात निदान ८ जीबी रॅम असावी. पण आम्ही लॅपटॉपसाठी पहिल्याच दिवशी कर्ज देत नाही. त्याऐवजी क्लासला विचारा की शिकवण्याच्या तासाशिवाय रोज दोन तास मशीन मोकळं मिळेल का, आणि बॅचमध्ये एका मशीनवर एक मुलगी बसते की दोन. दोन बसत असतील तर एक चालवते आणि एक बघते. बघून शिलाई येत नाही, कॅडही येत नाही.

ऑटोकॅड विकत घेणं महाग आहे, पण मान्य शिक्षणसंस्थेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना कंपनी ते शिकण्यापुरतं एक वर्षासाठी फुकट देते. आयटीआयला किंवा डिप्लोमाला असलेल्या मुलींनी ते जरूर घ्यावं. त्यावर पैसे घेऊन बाहेरचं काम मात्र करायचं नाही. कोणी पेनड्राइव्हवरून चोरीची प्रत टाकून देतो म्हणालं तर ती घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो, आणि अशी प्रत वापरणं गुन्हाही आहे.

पगार किती मिळतो? आणि परगावी पाठवणं परवडतं का?

आम्ही ज्या मुलींशी बोललो त्यांची सुरुवात तालुक्याच्या गावी आठ-नऊ हजारांपासून आणि पुण्याकडे बारा-तेरा हजारांपासून झाली होती. पत्रकावर पंचवीस-तीस हजार लिहितात, तो चार-पाच वर्षं काम केलेल्यांचा पगार असतो.

मोठा आकडा बघून लगेच पुणं ठरवू नका. चाकणच्या मुलीने आम्हाला तिचा हिशोब सांगितला. हातात बारा हजार येतात. चौघींत मिळून घेतलेल्या खोलीचे तिचे तीन हजार, मेसचे तीन हजार, जाणं-येणं, मोबाइल आणि किरकोळ मिळून दीड हजार. उरतात साडेचार हजार. तालुक्याला नऊ हजारांवर काम करणारी मुलगी घरी राहते, घरचा डबा नेते आणि एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे तिचा प्रवासखर्चही कमी होतो. तिच्या हातात पहिल्या वर्षी जास्त उरतं. मात्र दोन वर्षांनंतर पुण्याच्या मुलीचा पगार लवकर वाढतो, कारण तिथे काम मोठं आणि कंपन्या जास्त. म्हणून अनेक जणी पहिलं वर्ष जवळ काढतात, हात पक्का करतात आणि मग जातात. हा मार्ग आम्हालाही बरा वाटतो.

सरकारी नोकरीत हे प्रमाणपत्र चालतं का?

सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, नगररचना अशा खात्यांत आरेखक आणि अनुरेखक नावाची पदं असतात. त्यांच्या जाहिरातीत पात्रता स्पष्ट लिहिलेली असते. ती साधारणपणे दहावीनंतरच्या ड्राफ्ट्समनच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची असते. तीन-चार महिन्यांच्या खासगी कोर्सचं प्रमाणपत्र त्याच्या जागी धरत नाहीत. सरकारी नोकरी डोक्यात असेल तर आयटीआयची दोन वर्षं टाळता येत नाहीत. क्लासवाले "सरकारमान्य" म्हणाले तर कोणत्या परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र मिळणार ते कागदावर दाखवा म्हणायचं आणि तो कागद आयटीआयच्या सरांना दाखवायचा.

घरी बसून हे काम करता येतं, अशा जाहिराती येतात. त्या खऱ्या असतात का?

घरून नकाशे काढून देणाऱ्या बाया आहेत. पण त्या आधी चार-पाच वर्षं कार्यालयात काम केलेल्या आहेत. त्यांना काम देणारा इंजिनिअर त्यांना ओळखतो. नवीन मुलीला अनोळखी माणूस घरी काम देत नाही. "आधी तीन हजार डिपॉझिट भरा, मग घरबसल्या नकाशे पाठवतो" असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजा. काम देणारा पैसे देतो, तो आपल्याकडून पैसे मागत नाही.

गटाने कर्ज द्यावं का? किती?

शेवटी गाडी इथेच येते. गेल्या वर्षीच्या त्या ताईंची मुलगी आयटीआयमधून आरेखक स्थापत्य झालेली होती. क्लासने तिलाही पाच सॉफ्टवेअरचा ३०,००० चा कोर्स सांगितला होता. आमच्या गटाचं व्याज महिना एक टक्का, शिल्लक रकमेवर. ३०,००० घेतले आणि महिना २,००० मुद्दल फेडलं तर पंधरा महिने लागतात, आणि व्याज २,४०० होतं. तेवढ्यावर भागलं असतं. अडचण वेगळीच होती. कोर्स चार महिने, आणि काम शोधायला धरा तीन महिने. हे सात महिने मुलीची कमाई शून्य, आणि हप्ते मात्र पहिल्या महिन्यापासून. त्या सात महिन्यांत मुद्दल आणि व्याज मिळून १५,६८० रुपये घरातूनच जाणार. पहिल्या मुलीच्या आईला रोजंदारीतून फेडावे लागले, ते याच हिशोबामुळे.

आम्ही ताईंना विचारलं, पोरीला बांधकामाचंच करायचं ना? मग यंत्रांची सॉफ्टवेअर कशाला? त्याच क्लासमध्ये एकट्या ऑटोकॅडचा, परवानगीच्या नकाशासकट, अडीच महिन्यांचा कोर्स १२,००० ला होता. बोर्डवर तो लिहिलेला नव्हता, विचारल्यावर सांगितला. गटाने तेवढंच कर्ज दिलं. महिना १,२०० मुद्दल, दहा महिने, व्याज एकूण ६६०.

कोर्सच्या दुसऱ्या महिन्यात त्या मुलीने आमच्या गटाच्या खोलीचा नकाशा काढून आणला. आम्ही फूटपट्टी लावली तर १० फुटांची बाजू साडेपाच सेंटिमीटर भरली. तिला तिथेच चूक समजली. लाजली, पण दुसऱ्या दिवशी बरोबर छापून घेऊन आली. त्यानंतर तिने पाच कार्यालयांत परीक्षा दिली. तिघांनी नाही म्हटलं, एकाने कळवतो म्हणून कळवलंच नाही, पाचव्याने घेतलं. कोर्स संपल्यावर काम मिळायला अडीच महिने गेले. आज ती ९,००० वर तालुक्याला जाते. शेवटचे पाच हप्ते तिने स्वतःच्या पगारातून भरले.

दोन वर्षांपूर्वीच्या मुलीचंही सांगायला हवं. ती बीए पूर्ण करून आता आयटीआयच्या प्रवेशाचा अर्ज भरते आहे, आरेखक स्थापत्यसाठीच. कॅड तिला आवडलं होतं. तिच्यासाठी क्रम उलटा झाला होता, एवढंच.

तेव्हापासून आमच्या गटांत कोर्सच्या कर्जाचा अर्ज आला की आम्ही तीन गोष्टी लिहून घेतो: मुलीचं आधीचं शिक्षण, आधीच्या बॅचमधल्या दोन मुलींशी झालेलं बोलणं, आणि कोर्स कुठल्या एका कामासाठी आहे ते. तीनही रकाने भरले असतील तर कर्ज त्याच बैठकीत मंजूर होतं. एखादा रिकामा असेल तर पुढच्या बैठकीत. महिनाभराने कुठलाही क्लास बंद होत नाही.

तुमच्या गटात असा अर्ज आला असेल तर टेप आणि फूटपट्टी घेऊन बसा. नमस्कार.